गरब्याच्या नऊ रात्री आणि मुरुमांचा चेहरा: बेस कसा निवडायचा, रात्री कसा काढायचा

गेल्या वर्षी भाची फराळाला आली तेव्हा मी चकलीचं ताट खाली ठेवून आधी तिची हनुवटी वर केली. कपाळावर आणि गालांच्या कडेला तांदळाच्या कण्यांसारख्या बारीक, कातडीच्याच रंगाच्या पुळ्या होत्या. दुरून दिसत नव्हत्या, पण बोट फिरवलं की खरखर लागत होती. "मावशी, फाउंडेशन फसवं निघालं," ती म्हणाली.

मी बडोद्यातल्या दांडिया बाजारात घरूनच नवरीचा मेकअप करते, त्यामुळे असल्या तक्रारीवर माझे प्रश्न ठरलेले असतात. काय लावलंस, किती लावलंस, कशाने काढलंस? उत्तरं अशी आली. वॉटरप्रूफ स्टिक फाउंडेशन, सगळ्या चेहऱ्यावर दोन थर. मैदानावर मध्यंतरात मैत्रिणीच्या कॉम्पॅक्टमधल्या स्पंजने पावडर, कधी दोनदा, कधी चारदा. रात्री दीडला घरी आल्यावर ओल्या वाइपने पुसून झोप. सकाळी उरलेलं काढायला खोबरेल तेल, आणि तेलकटपणा जावा म्हणून वर अक्रोडाचा स्क्रब. नऊ दिवस हेच. यात फाउंडेशनचा दोष चार आणे, बाकीचा बारा आणे.

पहिल्यांदाच बेस लावून गरब्याला जाणाऱ्या, मुरुमं येणाऱ्या मुलींसाठी हे लिहिते आहे. लिपस्टिक, काजळ, टिकल्या यांचं ज्ञान तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल.

खरेदी राखीच्या सुमाराला

मेकअपमुळे येणारी मुरुमं दुसऱ्या दिवशी उगवत नाहीत. छिद्राच्या आत आधी डोळ्याला न दिसणारी गाठ धरते आणि ती वर यायला काही आठवडे जातात. नवं काही लावल्यावर तासाभरात किंवा दोन दिवसांत खाज, आग, लाली आली तर ती बहुतेक जळजळ किंवा अ‍ॅलर्जी असते. तीन-चार आठवड्यांनी कण्यांसारख्या पुळ्या आल्या तर छिद्रं बुजली आहेत. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे गुन्हेगार शोधताना कामाला येईल.

म्हणून नवरात्राच्या आदल्या संध्याकाळी मंगळ बाजारातून आणलेली बाटली घटस्थापनेच्या रात्री पहिल्यांदा उघडू नये. राखीपौर्णिमेपासून नवरात्रापर्यंत साधारण सहा आठवडे मिळतात, तेव्हाच घ्या. गणपतीपर्यंत टाळलंत तर पुढे पितृपक्ष येतो आणि आमच्याकडे आजी त्यात नवी टिकलीसुद्धा घेऊ देत नाही.

आणल्यावर पहिले चार-पाच दिवस फक्त जबड्याच्या एका बाजूला, दोन बोटं रुंदीच्या जागेवर लावा. आग-खाज नसेल तर आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण चेहऱ्यावर लावून चार तास ठेवा. एका वेळी एकच नवी वस्तू. फाउंडेशन, कन्सीलर आणि क्लीन्सर तिन्ही एकाच दिवशी सुरू केलीत तर पुळी आल्यावर बोट कोणाकडे दाखवणार?

फाउंडेशन: किती टिकतं याच्या आधी कसं निघतं ते बघा

बाटलीवर 'नॉन-कोमेडोजेनिक' लिहिलेलं असतं. अर्थ, छिद्रं न बुजवणारं. हे लिहिण्याआधी सगळ्यांनी एकच ठरलेली चाचणी पास केलीच पाहिजे असं नाही, हा कंपनीचा दावा असतो. या विषयाचा इतिहास थोडा गमतीचा आहे. सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांना 'अ‍ॅक्ने कॉस्मेटिका' हे नाव 1972 साली क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकन संशोधकांनी दिलं. कोणता घटक छिद्रं बुजवतो हे त्या काळी सशाच्या कानाच्या आतल्या कातडीवर लावून बघत. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार चटकन बिघडतो, त्यामुळे इंटरनेटवर फिरणाऱ्या 'या घटकाला पाचपैकी चार' अशा याद्या डोळे मिटून मानू नका. घटक किती प्रमाणात आहे आणि कशात मिसळला आहे यावर बरंच अवलंबून असतं. तरीही दोन सारख्या बाटल्यांतून एक निवडायची असेल तर हा शब्द असलेली घ्या.

'ऑइल-फ्री' या शब्दावर त्याहून कमी विश्वास. आयसोप्रोपिल मिरिस्टेट हा घटक तेल म्हणून मोजला जात नाही, पण छिद्रं बुजवणाऱ्यांत त्याचं नाव जुनं आहे. त्याचाच भाऊ आयसोप्रोपिल पामिटेट, शिवाय कोको बटर आणि खोबरेल तेल. घटकांच्या यादीत जास्त प्रमाणातले घटक आधी छापतात. यातलं एखादं नाव पहिल्या पाच-सहांत दिसलं तर बाटली परत ठेवा. शेवटच्या ओळीत असेल तर मी त्यावर वाद घालत नाही.

आता प्रकार. स्टिकमध्ये मेण आणि जाड तेलकट घटक असतात, ते घट्ट झाकतात आणि घट्टच चिकटून राहतात. मुरुमांच्या चेहऱ्यासाठी मी ते आधी बाद करते. उरतात पातळ फाउंडेशनं. काहींत पाण्यापाठोपाठ 'कोन' किंवा 'सिलॉक्सेन' असा शेवट असलेली नावं असतात, उदाहरणार्थ डायमेथिकोन. ही सिलिकॉनची फाउंडेशनं. सिलिकॉनला उगाच बदनाम केलं जातं. डायमेथिकोन छिद्रं बुजवणाऱ्यांत धरत नाहीत, आणि घामात ही फाउंडेशनं बऱ्यापैकी टिकतात. अडचण एवढीच की नुसत्या फेसवॉशने ती पुरती निघत नाहीत. दुसरी पाण्याची, पातळ आणि हलकी. ती लवकर सरकतात, पण काढायला सोपी.

म्हणून दुकानात उभं असतानाच ठरवा की घरी काढायला काय आहे. सिलिकॉनचं घेणार असाल तर पाण्याने धुतला जाणारा क्लीन्सिंग बाम किंवा क्लीन्सिंग ऑइल हवंच. ते घ्यायचं नसेल तर पाण्याचं फाउंडेशन आणि मायसेलर वॉटर ही जोडी पुरते. वॉटरप्रूफ फाउंडेशन आणि नुसता फेसवॉश या जोडीने दर हंगामात माझ्याकडे दोन-तीन मुली रडत येतात.

शेड मनगटावर बघू नका, मनगट चेहऱ्यापेक्षा उजळ असतं. जबड्याच्या कडेला, मानेकडे उतरती रेघ ओढा आणि दुकानाच्या बाहेर उजेडात या. लगेच हो म्हणू नका. पंधरा-वीस मिनिटं फिरा, शेवउसळ खाऊन या. काही फाउंडेशनं हवेत आणि कातडीच्या तेलात मिसळून थोडी गडद किंवा पिवळट होतात, आणि तेलकट चेहऱ्यावर हे जास्त दिसतं.

लावायचं किती? सगळ्या चेहऱ्याला दोन हरभऱ्यांएवढं. धुतलेल्या बोटांनी किंवा ओल्या करून घट्ट पिळलेल्या स्पंजने, नाकापासून बाहेरच्या बाजूला, केसांच्या रेषेपाशी अगदी विरत न्यायचं. डाग या थरात पूर्ण झाकले जाणार नाहीत आणि जायला नकोत, ते काम पुढच्याचं आहे. आधी फेसवॉश आणि जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबलेलं असावं. मॉइश्चरायझर ओलं असताना फाउंडेशन लावलं तर ते रबरासारखं वळत गोळा होतं. गरबा रात्रीचा, तेव्हा खाली सनस्क्रीनचा थर नको. एक थर कमी.

कन्सीलर: मोहरीएवढं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. मुरुमाचे तीन प्रकार तीन वेगळ्या वस्तू मागतात.

लाल, ताजं, पण न फुटलेलं मुरुम: त्यावर हिरव्या छटेचा करेक्टर टाचणीच्या टोकाएवढा लावा. हिरवा लालीला मारतो. मात्र सावळ्या कातडीवर हिरवा जास्त झाला की राखाडी दिसतो, म्हणून अगदी नखभर. त्यावर तुमच्या फाउंडेशनच्याच शेडचा कन्सीलर मोहरीएवढा. उजळ शेडचा नको. उंचवट्यावर उजळ रंग लावला की उंचवटा आणखी वर येतो, मुरुम दिव्यासारखं दिसतं.

मुरुम गेल्यावर उरलेला तपकिरी डाग: याला हिरवा चालत नाही. गव्हाळ रंगाला पीच, सावळ्या रंगाला नारिंगीकडे झुकणारा करेक्टर, वर कन्सीलर.

फुटलेलं, ओलं किंवा खपली धरलेलं मुरुम: यावर काहीच नाही. खपलीवर कन्सीलर बसत नाही, कडेने सोलवटतो आणि आणखी उठून दिसतो. त्या रात्री तिथे मोठी टिकली लावणारी मुलगी मी पाहिली आहे, आणि ते शोभलंही होतं.

कन्सीलरच्या बाटलीतली काडी थेट मुरुमावर टेकवून परत बाटलीत घालू नका. हाताच्या पाठीवर थोडा काढून घ्या, धुतलेल्या बारीक ब्रशने मुरुमावर टेकवा, अर्धा मिनिट सुकू द्या आणि फक्त कडा बोटाने थोपटून विरवा. मधला भाग हलवायचा नाही. घासलात तर झाकलेलं उघडं पडतं.

डोळ्यांखाली त्रिकोण, नाकावर रेघ, कपाळावर पट्टे हे व्हिडिओतले प्रकार मुरुमांच्या चेहऱ्यावर नकोत. जिथे डाग नाही तिथे थर कशाला?

पावडर: घामावर कधीच नाही

घरून निघताना सुट्टी, बारीक पावडर ब्रशवर घ्या, झटका, आणि कपाळाचा मधला भाग, नाक, हनुवटी आणि कन्सीलरचे ठिपके एवढ्यावरच दाबा. गाल सोडा. तेलकट चेहऱ्यालाही गालांवर इतकी गरज नसते. एक सावधगिरी: पांढरी दिसणारी, नुसत्या सिलिकाची 'एचडी' पावडर जास्त झाली तर फ्लॅशच्या फोटोत चेहऱ्यावर पिठाचे ठिपके येतात. घरीच अंधारात फ्लॅश टाकून एक फोटो काढून बघा.

मैदानावरचं गणित वेगळं. आपल्या बडोद्यात मोकळ्या मैदानात, अनवाणी, मातीवर खेळतात. मध्यंतरापर्यंत घाम आणि धूळ दोन्ही चेहऱ्यावर असतात. त्यावर पावडर थापली की घाम, धूळ आणि पावडर यांची कणीक होते आणि ती छिद्रांवर बसते. आधी साध्या कोरड्या टिश्यूने चेहरा टिपा. पुसायचं नाही, दाबून उचलायचं. नाकाच्या कडा आणि वरचा ओठ विसरू नका. मग दोन मिनिटं वाऱ्याला उभ्या राहा. बहुतेक वेळा पावडरची गरजच उरत नाही, टिश्यूनेच चमक जाते. वाटलीच तर एकदा, फक्त नाकावर, स्वतःच्याच ब्रशने. मैत्रिणीचा स्पंज मागू नका आणि आपला देऊ नका. तो कितीजणींच्या घामातून आला आहे हे तिलाही आठवत नसतं. ओढणीने तोंड पुसणं तर बंदच. जरी आणि आरसे मुरुमावरून किसणीसारखे जातात.

बॅकलेस चोळीतल्या पाठीच्या मुरुमांवर फाउंडेशन लावू नका. रात्री घरी येऊन अंघोळ करा, त्याने जास्त फरक पडेल.

रात्री दीड वाजता

पाय दुखत असतात, डोळे मिटत असतात आणि आरसा नकोसा होतो. म्हणून तयारी संध्याकाळी निघण्याआधी करून ठेवायची: बेसिनपाशी बाम किंवा मायसेलर वॉटर, कापसाचे पॅड, फेसवॉश आणि एक स्वच्छ मऊ कापड. मी जुन्या सुती साडीचे नऊ रुमाल फाडून ठेवते, रोज एक. अंग पुसायचा टॉवेल चेहऱ्याला लावायचा नाही.

1. केस वर बांधा, दागिने काढा, हात साबणाने धुवा. टाळ्या वाजवलेल्या, मैदानावर टेकलेल्या त्याच हातांनी मुरुमांना मालिश नको.

2. वॉटरप्रूफ काजळ असेल तर मायसेलर वॉटरमध्ये भिजवलेला पॅड मिटल्या डोळ्यावर वीस सेकंद धरा, मग खाली ओढा.

3. बाम वापरणाऱ्यांनी: चेहरा कोरडा, हात कोरडे. बाम बोराएवढा घेऊन एक मिनिट हलक्या बोटांनी फिरवा. नाकाच्या कडा, भुवयांमधली जागा, जबडा आणि केसांची रेषा इथे थोडं थांबा. मग बोटं ओली करून पुन्हा फिरवा, बाम दुधासारखा पांढरा होईल. हे दूध होणं महत्त्वाचं, त्यानंतरच तो पाण्याबरोबर मेकअप घेऊन जातो. खोबरेल तेलात पाण्याशी मिसळवणारा घटक नसतो. ते मेकअप सैल करतं, पण स्वतः चेहऱ्यावर राहतं. भाचीचं नेमकं हेच झालं होतं.

मायसेलर वापरणाऱ्यांनी: पॅड चांगला ओला करा, टेकवा, दहा सेकंद थांबा, मग एकाच दिशेने उचलत न्या. पॅड रंगला की बदला. साधारण तीन पॅड लागतात. मागे-पुढे घासणं म्हणजे कापडाने काच पुसणं, मुरुम काच नसतं. बाटलीवर 'धुवायची गरज नाही' लिहिलेलं असलं तरी पुढची पायरी गाळू नका.

4. साधा, सौम्य फेसवॉश, अर्धा ते एक मिनिट, साध्या किंवा कोमट पाण्याने. स्क्रब नाही, बेसन नाही, मुलतानी माती नाही, लिंबू तर नाहीच. सुजलेल्या मुरुमावर खरखरीत काही फिरवलं की वरची कातडी फाटते, सूज वाढते आणि डाग जास्त दिवस राहतो.

5. रुमालाने टिपा. मग ओला पांढरा पॅड जबड्यावरून आणि केसांच्या रेषेवरून एकदा फिरवून बघा. पांढरा राहिला तर झालं. तपकिरी आला तर फक्त तेवढ्या जागेवर पायरी तीन आणि चार पुन्हा. सगळा चेहरा तीनदा धुऊ नका. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा, चुरचुरता वाटत असेल तर साफ नाही, जास्त साफ झाला आहे.

6. डॉक्टरांनी अ‍ॅडापॅलीनसारखं जेल दिलेलं असेल तर चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्यावर पातळ. मुरुमावर ढीग करायचा नाही. नंतर मॉइश्चरायझर. ज्या रात्री चेहरा आधीच चुरचुरतो आहे त्या रात्री नुसतं मॉइश्चरायझर लावा. नवरात्राच्या आठवड्यात हे जेल पहिल्यांदा सुरू करू नका, सुरुवातीला सालपटं निघतात आणि त्यावर कुठलंच फाउंडेशन बसत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर ते कपड्यांचा रंग उडवतं. गळ्यापाशी लावून आरशांची चोळी चढवलीत तर पुढच्या वर्षी ती दाखवत फिराल. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अ‍ॅडापॅलीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचंच नाही.

अगदीच उभं राहवत नसेल अशा रात्रीसाठी: मायसेलरचे पॅड, मग चेहऱ्यावर पाण्याचे हबके आणि टिपणं. चार मिनिटांचं काम. ओल्या वाइपने पुसून झोपण्यापेक्षा हे बरं, कारण वाइप मेकअप पसरवते आणि स्वतःचंही द्रावण मागे ठेवते.

स्पंज त्याच रात्री साबणाने धुऊन मोकळ्या हवेत सुकवा. दोन स्पंज आलटून-पालटून घेतले की ओला स्पंज डबीत बंद करायची वेळ येत नाही. ब्रश नवरात्राच्या मध्यावर एकदा धुवा. उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदला, कारण केसांचा स्प्रे आणि तेल तिथूनच गालावर येतं.

काहीतरी बिघडलं तर

पुळ्या फक्त केसांच्या रेषेला असतील तर आधी केसांचं तेल आणि स्प्रे बंद करून बघा. जबड्यावर आणि नाकाच्या कडेला असतील तर मेकअप काढणं अपुरं पडतंय. सगळ्या चेहऱ्यावर सारख्या असतील तर ती बाटलीच सहा आठवडे बाजूला ठेवा. कपाळ, छाती, पाठ यांवर एकसारख्या, बारीक आणि खाजणाऱ्या पुळ्या असतील तर ते मुरुम नसून घामात वाढणाऱ्या यीस्टचं काम असू शकतं. त्यावर मुरुमांची औषधं चालत नाहीत, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. दुखऱ्या, खोल गाठी असतील तरी तेच, कारण त्या खड्डे ठेवून जातात. शेजारच्या काकूंची 'एका रात्रीत साफ' करणारी ट्यूब नको. अशा ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा गुळगुळीत होतो आणि थांबवलं की दुपटीने उसळतो.

यंदा भाचीने राखीला पाण्याचं हलकं फाउंडेशन घेतलं. पहिल्या बाटलीने तिसऱ्या आठवड्यात हनुवटीवर कण्या आणल्या, ती बहिणीकडे गेली. बहिणीचा चेहरा दगडासारखा, तिला काही होत नाही. दुसरी बाटली गणपतीत सुरू केली, तिच्यासाठी दिवस कमी उरले होते म्हणून गरब्यालाही रोज लावायची नाही असं ठरलं. पहिली, तिसरी, पाचवी, आठवी आणि नववी माळ एवढ्या रात्री फाउंडेशन, बाकीच्या रात्री फक्त डागांवर कन्सीलर आणि नाकावर पावडर. पाचव्या रात्री ती तशीच झोपली, सकाळी मला फोन करून स्वतःच सांगितलं. दसऱ्यानंतर चार दिवस चेहऱ्यावर काही नाही, कोजागिरीच्या गरब्याला पुन्हा नुसता कन्सीलर.

दिवाळीत मी परत हनुवटी वर केली. डाव्या जबड्यावर तीन कण्या आणि पाळीच्या आधी येतं तसलं एक लाल मुरुम. गेल्या वर्षी मी मोजायचं सोडून दिलं होतं.